झावळ्यांच्या रविवारचं प्रवचन जर्नलमध्ये छापून आणताना: माझा अनुभव

दोन वर्षांपूर्वी झावळ्यांच्या रविवारी मी फिलिप्पैकरांस पत्र 2:5-11 वर संदेश दिला होता, ‘देव असूनही ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं’. मंडळीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी बाहेर चपला घालताघालता सांगितलं, पाळकसाहेब, याचा पेपर करा. मी रेकॉर्डिंग उतरवून काढलं, चौदा पानं झाली, इंग्रजी केलं, तळटीपा लावल्या आणि पाठवलं. दहा दिवसांत परत. रिव्ह्यूअरपर्यंत गेलंच नाही, संपादकांनी एवढंच लिहिलं की हे प्रवचन आहे, यात दावा कुठला ते सांगा.

ते बरोबर होतं. प्रवचनात मी ‘आपण’ म्हणतो तेव्हा समोर मंडळी असते, पेपरमध्ये ‘आपण’ म्हणजे कोण? मी प्रिंट घेतली आणि प्रत्येक वाक्यापुढे लाल पेनने लिहीत गेलो, ‘हे कोण म्हणतं?’ प्रीतिभोजनानंतर भांडी घासणाऱ्या हेडमास्तरांची गोष्ट, जिच्यावर अख्खी मंडळी गहिवरली होती, ती गेली, कारण ती दाखला आहे, पुरावा नाही. चौदातली तीन पानं उरली. मग वाचन, नवीन लेखन, दुसरं जर्नल, ते सगळं रीतसर झालं.

खरी अडचण त्यानंतर. सात महिने काहीच कळेना. चौथ्या महिन्यात विचारलं तर एका ओळीचं उत्तर, प्रक्रिया चालू आहे. एवढे महिने लेख दुसरीकडेही देता येत नाही, कारण एका वेळी एकाच जर्नलकडे पाठवायचा असतो. या वाट बघण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, एक रिव्ह्यूअर मिळत नसेल तर तसं कळवायला काय हरकत आहे?

शेवटी दोन रिपोर्ट आले. पहिला सौम्य होता. दुसऱ्याने एका शब्दावर बोट ठेवलं, ‘असूनही’. त्याचं म्हणणं, ग्रीकमध्ये ‘तरी’ असा शब्दच नाहीये, तिथे हुपार्खोन हे नुसतं धातुसाधित आहे. ‘देव असूनही’ घ्यायचं की ‘देव असल्यामुळेच’ हे वाचणारा ठरवतो, आणि तुमचा अख्खा लेख न ठरवताच पहिल्यावर उभा आहे. नव्या कराराचे अभ्यासक चार्ल्स मोल यांनी ‘असल्यामुळेच’ची बाजू कधीच मांडलीये, मायकेल गॉर्मन यांचा 2007 चा लेख तर नेमका याच प्रश्नावर आहे. माझ्या तळटीपांत दोघंही नव्हते.

तीन आठवडे मी ती फाईल उघडली नाही. वीस वर्षं हे वचन पुलपिटवरून ‘असूनही’ म्हणूनच सांगत आलो होतो.

उघडली तेव्हा 2 करिंथ 8:9 शेजारी ठेवून बसलो. ‘तो धनवान असता तुमच्याकरता दरिद्री झाला’, तिथेही असंच धातुसाधित आहे, पण धनवान आणि दरिद्री हा विरोध वाक्यातच आहे म्हणून ‘असूनही’ सहज बसतं. फिलिप्पैमध्ये देवाचं स्वरूप आणि रिक्त होणं यांत विरोध आहेच असं आधीच धरलं तरच ‘असूनही’ येतं, आणि तेच तर मला सिद्ध करायचं होतं! गॉर्मन म्हणतात वरवर ‘असूनही’, पण खोलात ‘असल्यामुळेच’. आणि मग लक्षात आलं की मराठीत तर नुसतं ‘असून’ म्हणता येतं. ‘तो देवाच्या स्वरूपाचा असून’, यात ना ‘तरी’ ना ‘म्हणून’, ग्रीकसारखंच दोन्हीकडे मोकळं. ‘ही’ लावला की दार बंद. लेखाचा दावा तोच झाला, मराठी भाषांतरात ‘असून’ का राखावं. प्रवचन केलं नसतं तर हे मला सुचलंच नसतं, याचा मला अभिमान वाटतो.

उत्तराचं पत्र मात्र नीट लिहा. रिव्ह्यूअरचा प्रत्येक मुद्दा उतरवून त्याखाली काय बदललं आणि कुठल्या पानावर ते, आणि जिथे बदल केला नाही तिथे कारण. माझं पत्र सहा पानांचं झालं, त्यानंतर महिन्याभरात स्वीकारलं.

हो, एक राहिलंच. प्रवचन यूट्यूबवर असेल तर लेखाला तेच शीर्षक देऊ नका, रिव्ह्यूअरने सर्च केलं की तुमचं नाव समोर, मग निनावी परीक्षण कसलं. आणि तेच मंडळीच्या मासिकात छापलेलं असेल तर पाठवण्याआधीच संपादकांना सांगा, तोंडी संदेश सहसा चालतो पण छापील मजकूर आधीचं प्रकाशन धरला जाऊ शकतो. ‘मूळ प्रवचन अमुक ठिकाणी’ ही तळटीपही परीक्षणाच्या प्रतीतून काढावी लागते. माझी अंतिम प्रूफमध्ये परत घातली, पहिल्याच पानावर खाली, झावळ्यांचा रविवार, मराठी उपासना.