बिलाचा फोटो नाही, तरी हिशेब जुळवला

आमच्या बडोद्याच्या महिला मंडळाचा जमाखर्च माझ्याकडे असतो. यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी काकूंनी दांडिया बाजारातून वाणाचं सामान आणलं आणि बिलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. हिशेबाला बसले तर फोटोच्या जागी नुसता धूसर चौकोन, तो काही उतरेना. काकूंनी मधल्या काळात फोन बदललेला आणि कागदी बिल कचऱ्यात गेलेलं. हाताशी राहिला तो फोटोखाली त्यांनी टाइप केलेला मजकूर: अंघोळीचे साबण ३०, दर ४२. स्टीलच्या वाट्या ३०, दर ६५. कपड्यांची पावडर २ पाकिटं, दर २३६. कर १०६.

एकूण रक्कम त्यांनी लिहिलीच नव्हती. पण पैसे यूपीआयने दिले होते आणि बँकेच्या नोंदीत ३,४१२ रुपये दिसत होते. टाइप करताना माणसाचा हात चुकू शकतो, बँकेतून गेलेली रक्कम मात्र पक्की, म्हणून तिथूनच सुरुवात केली. यादीची बेरीज केली तर ३,६८२ आली. म्हणजे यादी २७० रुपयांनी जास्त.

कर दरांवर वेगळा लावला असता तर दिलेली रक्कम यादीपेक्षा जास्त निघाली असती. इथे उलट होतं, म्हणून दर करासहितच असणार हे कळलं. पाकिटावरच्या छापील किमतीतही कर धरलेलाच असतो. अशा किमतीतून कर काढताना, कर ५ टक्के असला तरी थेट ५ टक्के काढायचे नाहीत. १०५ रुपयांत ५ रुपये कर असतो, म्हणून रकमेला ५ ने गुणून १०५ ने भागायचं. १८ टक्क्यांच्या मालाला १८ ने गुणून ११८ ने.

जीएसटीचा दर कुठला, हे खरेदीच्या तारखेवर ठरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंघोळीचा साबण १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि स्टीलची भांडी १२ वरून ५ वर. कपड्यांची पावडर १८ वरच राहिली. आमची खरेदी त्यानंतरची, म्हणून साबण आणि वाट्या एका गटात धरल्या, पावडर वेगळी.

पावडरीचे ४७२ रुपये, त्यातला कर बरोबर ७२. साबण-वाट्यांचे यादीप्रमाणे ३,२१० रुपये, त्यातला कर १५२.८६. मिळून २२४.८६, आणि काकूंनी लिहिले होते १०६. राज्यातल्या राज्यात खरेदी असली की कर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी अशा दोन समान ओळींत छापलेला असतो. काकूंनी त्यातली एकच ओळ उतरवली असेल असं धरलं तर पूर्ण कर २१२ होतो. म्हणजे करातही १२.८६ चा फरक उरलाच.

या फरकानेच वाट दाखवली. २७० रुपयांतून ५ टक्क्यांच्या हिशेबाने कर काढला तर नेमका १२.८६ येतो, १८ च्या हिशेबाने ४१ च्या वर जातो. म्हणजे जास्तीचे २७० साबण किंवा वाट्यांमध्येच होते, पावडरीत नव्हते. दुकानदाराने सगळ्या बिलावर सूट दिली असेल का, हेही पाहिलं. तसं असतं तर सगळा कर त्याच प्रमाणात उतरून २०८ च्या आसपास आला असता, २१२ नाही.

साबण की वाट्या, हे मात्र कर सांगू शकत नाही, कारण दोन्हींचा कराचा दर एकच आहे आणि नगही सारखेच. इथे हिशेबनिसांची जुनी युक्ती कामी आली. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो. २७० ला ३० ने भागलं तर एका नगामागे ९ रुपये. ६५ उलटून वाचलं तर ५६, फरक ९. साबणाचे ४२ उलटले तर २४ होतात, फरक १८, तो बसत नाही. वाटी ५६ ची धरून पुन्हा बेरीज केली: १,२६० अधिक १,६८० अधिक ४७२, एकूण ३,४१२. कर ६० अधिक ८० अधिक ७२, म्हणजे २१२. दोन्ही आकडे जुळले.

तरीही हा तर्कच, व्हाउचरला पुरावा लागतो. मी काकूंना म्हटलं, “तुमच्या मोबाइल नंबरावर दुकानात बिल निघेल, तारीख आणि रक्कम सांगून दुसरी प्रत मागा.” त्यांनी ती आणली. वाटीचा दर ५६ होता आणि कराच्या दोन ओळी, प्रत्येकी १०६. दुकानाचा गुजरातच्या २४ ने सुरू होणारा जीएसटी नंबर आणि मालाचा प्रकार सांगणारे एचएसएन कोड मला त्या प्रतीवरच पाहता आले. दुकानाने एखाद्या मालाला कराचा चुकीचा दर लावला असता, तर तो तिथेच नेमका दिसला असता.