गोल शिक्क्यासाठी पणजीची फेरी

मंगळवारी सकाळी पेडण्याहून कदंबची बस धरली. व्हिसाची वेळ गुरुवारची. लिस्बनला भावाकडे जायचं आहे. मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे मुख्याध्यापकांचं रजेचं पत्र मराठीत. त्याचा इंग्रजी अनुवाद आदल्याच दिवशी हाती आला होता.

बसमध्ये दोन्ही कागद मांडीवर ठेवून ओळीला ओळ लावत गेले. अटल सेतूवर पोचेपर्यंत तीन चुका सापडल्या. पासपोर्टवर माझं आडनाव Gauns आहे. अनुवादात उच्चाराप्रमाणे Gawas झालं होतं. शाळेच्या गोल शिक्क्याचा उल्लेखच नव्हता. आणि 'रजा संपताच सेवेत रुजू होतील' हे शेवटचं वाक्य गळलं होतं. हे वाक्य नसेल तर पत्राला अर्थच उरत नाही, कारण मी परत येणार हे दाखवायलाच ते जोडायचं असतं.

अनुवादकांनी चुका लगेच मान्य केल्या, पण सही आणि नोटरीसह कागद शुक्रवारी मिळणार होता. मळ्यातल्या मारुतीच्या पायऱ्यांवर बसून कौन्सुलेटला मेल लिहिला. आधी आपल्या अर्जांच्या सवयीने 'तसदीबद्दल क्षमस्व, उपकृत करावे' असं बरंच लिहून बसले होते. ते सगळं काढलं. विषयात 'व्हिसाची वेळ बदलण्याची विनंती', पासपोर्टप्रमाणे नाव, वेळेचा संदर्भ क्रमांक आणि तारीख. पासपोर्टचा क्रमांक विषयात न टाकता आत लिहिला. मजकूर इंग्रजीत होता, मराठीत सांगायचा तर असा:

'माननीय महोदय/महोदया, अल्पमुदतीच्या व्हिसासाठी मला गुरुवारी सकाळी दहाची वेळ मिळाली आहे. नोकरीच्या ठिकाणच्या मराठी पत्राच्या अनुवादात दुरुस्ती करावी लागत असून प्रमाणित प्रत शुक्रवारी मिळेल. म्हणून पुढच्या आठवड्यातील कोणतीही वेळ द्यावी, ही विनंती. मूळ पत्र सोबत जोडले आहे. आपली विश्वासू,' खाली पूर्ण नाव आणि फोन.

कारण एका वाक्यात, मागणी एकच. भावाचं बाळ, तिकिटाचे पैसे, यातलं काहीच घातलं नाही. अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि माझ्या हातात महिना होता, म्हणून घाई करा असंही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी नवी वेळ आली, पुढच्या बुधवारची.

शुक्रवारी पुन्हा पणजी. नव्या अनुवादात आडनाव पासपोर्टबरहुकूम होतं, शिक्क्याच्या जागी चौकटी कंसात 'गोल शिक्का: शाळेचे नाव' आणि 'सही' असं लिहिलं होतं. खाली अनुवादकाचं निवेदन: मराठीतून इंग्रजीत केलेला हा अनुवाद पूर्ण व अचूक आहे, मग नाव, सही, तारीख. मूळ पत्र मागे टाचलेलं.

बुधवारी खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट उघडून अनुवादाशेजारी ठेवला. आडनावावरून बोट फिरवलं, मूळ पत्रावरचा शिक्का पाहिला, शेवटचं वाक्य वाचलं आणि कागद गठ्ठ्यात सरकवला.