माझा अनुभव : सीएसके स्क्रूचे डोके पट्टीच्या वर 0.7 मि.मी. का राहिले?

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावात माझे शेती अवजारे दुरुस्त करण्याचे लहानसे वर्कशॉप आहे. मागील हंगामात एका मिनी डाळ मिलच्या हॉपरखालील सरकते झाकण अडकत असल्याने, ते ज्या 6 मि.मी. जाडीच्या लोखंडी पट्ट्यांवरून सरकते, त्या मी नव्याने बनवल्या. झाकण पट्टीला घासूनच जाते, म्हणून स्क्रूचे डोके पृष्ठभागाच्या वर किंचितही राहून चालणार नव्हते. त्यासाठी M6 चे 90 अंशांचे सपाट डोक्याचे स्क्रू, म्हणजे आपण ज्यांना सीएसके म्हणतो ते, मी हिंगणघाटहून आणले.

डोके आत बसावे म्हणून छिद्राच्या तोंडाशी टूलने जो शंकूसारखा खड्डा करतात, तो काउंटरसिंक. त्याच्या हिशेबाचे सूत्र मला ठाऊक होते. आरपार छिद्राचा व्यास d, काउंटरसिंकच्या तिरप्या भागाची खोली h आणि टूलचा पूर्ण कोन θ असेल, तर तोंडाचा व्यास D असा निघतो:

```
D = d + 2 × h × tan(θ/2)
```

90 अंशांसाठी tan 45° म्हणजे 1, त्यामुळे खोली म्हणजे (D − d) ÷ 2. व्हर्नियरने डोक्याचा व्यास 11.2 मि.मी. भरला आणि छिद्र 6.6 मि.मी.चे होते, म्हणून खोली 2.3 मि.मी. धरून मी पहिली पट्टी पूर्ण केली. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक डोके सुमारे 0.7 मि.मी. वर राहिले आणि झाकण पहिल्याच स्क्रूला अडले.

मला वाटले, टूलचा कोनच चुकला असावा. ते तपासण्यासाठी डोक्याच्या उताराला मार्करची शाई लावून मी स्क्रू आवळला आणि परत काढला. शाई उतारावर वरपासून खालपर्यंत सारखी घासली गेली होती, म्हणजे कोन बरोबर होता. टूल 82 अंशांचे असते तर शाई फक्त वरच्या काठाशी निघाली असती, आणि 118 अंशांच्या साध्या ड्रिलने खड्डा केला असता तर ती फक्त खाली, छिद्राच्या कडेशी निघाली असती.

शेजारचे लेथवाले काका ते पाहून म्हणाले, “काठ नको मोजू रे, उतार पाह्य.” त्यांनी स्क्रू आडवा धरून डोके दाखवले, तेव्हा चूक लक्षात आली. उतार डोक्याच्या माथ्यापर्यंत जातच नाही. धारदार कडा राहू नये म्हणून वर एक लहान उभा काठ ठेवलेला असतो. उतार तसाच पुढे वाढवला तर माथ्याच्या पातळीवर व्यास 12.6 मि.मी. होतो. मी मोजला तो छाटलेला व्यास होता, आणि (12.6 − 11.2) ÷ 2 म्हणजे नेमके 0.7.

काकांची मोजण्याची पद्धत त्याहून सोपी निघाली. काउंटरसिंक करण्याआधीच स्क्रू त्या 6.6 च्या छिद्रात, कडेवर उरलेली धातूची खरखर म्हणजे बर काढून, सोडायचा आणि डोके पट्टीच्या किती वर उभे राहते ते मोजायचे. माझ्याकडे ते 3.0 मि.मी. भरले, आणि तीच हवी असलेली खोली होती. मग D = 6.6 + 2 × 3.0 = 12.6. चॅम्फरचे, म्हणजे तिरप्या छाटलेल्या कडेचे, माप एका बाजूने मोजतात, म्हणून ड्रॉइंगवर ते 3 × 45° असे येईल. तेथे अर्धा कोन लिहितात, टूलवर मात्र पूर्ण 90 कोरलेला असतो. 82 अंशांच्या स्क्रूला हेच 3 मि.मी. खोलीचे माप असते, तर बाजूची रुंदी 3 × 0.869 म्हणजे 2.6 मि.मी. आणि तोंड 11.8 मि.मी. झाले असते.

रात्री मोबाइलवरील स्प्रेडशीटमध्ये हिशेब पडताळला, तर उत्तर 16.32 आले आणि क्षणभर मी गोंधळलो. TAN कोन अंशांत नव्हे, रेडियनमध्ये घेते, हे मी विसरलो होतो. पुढील सूत्राने 12.6 मिळाले:

```
=6.6+2*3*TAN(RADIANS(90/2))
```

उरलेल्या पट्ट्यांसाठी ड्रिल मशीनवर टूल छिद्राच्या कडेला चारही बाजूंनी टेकेपर्यंत खाली आणले, तेथे शून्य धरले आणि 3.0 वर स्टॉपर लावला. टूलच्या टोकापासून खोली मोजायची नाही, कारण ते टोक छिद्रात आधीच खोल उतरलेले असते. कडेवर बर राहिली तर टूल लवकर टेकते, शून्य वर सरकते आणि खड्डा तेवढाच उथळ होतो; एका छिद्रात माझे तसे झाले आणि तोंड 12.2 च भरले. 6 मि.मी. पट्टीत खाली 3 मि.मी. सरळ छिद्र शिल्लक राहते. 3 मि.मी.च्या पत्र्यात मात्र हेच माप खालपर्यंत पोहोचून कडा सुरीसारखी पातळ होईल, म्हणून तेथे मी हा स्क्रू वापरणार नाही.

आता डोक्याभोवती 0.7 मि.मी.ची मोकळी फट दिसते. गिऱ्हाइकाला ती ढिली वाटली, पण डोके उतारावर पूर्ण टेकलेले आहे. त्या फटीत डाळीची भुकटी बसते, तरी झाकण त्यावरून न अडता जाते.