मसिआच्या बैठकीहून परतताना

आज वाळूजला मसिआ या लघुउद्योजकांच्या संघटनेच्या बैठकीत चहाच्या वेळी सगळी चर्चा थकलेल्या बिलांवरच होती. संघटनेत नवीन आलेल्यांना एकच सांगणं आहे. जाणत्या उद्योजकाकडे "मार्गदर्शन करा" म्हणत रिकाम्या हाताने जाऊ नका, तीन महिन्यांची उधारीची वही घेऊन जा. माणूसही आपल्याच कामातला, दहा-पंधरा वर्षं मुरलेला निवडा. फक्त तो तुमच्याच गिऱ्हाइकाला माल देणारा नसावा, नाहीतर दर मोकळेपणाने सांगता येत नाहीत.

वही उघडली की तो आधी विक्री बघत नाही, पैसे किती दिवसांनी येतात ते बघतो. समजा महिन्याला १,२०,००० रुपयांचं जॉबवर्क उधारीवर जातं आणि पैसे ६० दिवसांनी येतात. म्हणजे २,४०,००० रुपये कायम बाहेर अडकलेले. वसुली ३० दिवसांवर आली तर १,२०,००० मोकळे होतात, तेही कर्ज न काढता.

पुढचा प्रश्न ठरलेला: उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे का? सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावेच लागतात. बहुतेकांची नोंदणी असते, पण बिलावर उद्यम क्रमांकच छापलेला नसतो! मग समोरचा सरळ म्हणतो, आम्हाला माहीतच नव्हतं. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हा नियम लागू नाही, त्यांनी उधारीची मर्यादा आधीच ठरवून घ्यावी.