एक घर गेलेला पट आणि २१ तुकडे: विगमन हाताने करताना

राजारामपुरीत शनिवारी आठवी-नववीच्या मुलांचा आमचा गणिताचा गट बसतो. विगमन म्हणजे सगळ्यात लहान आकारापासून, पायापासून, सुरू करायचं आणि लहान आकारासाठी विधान खरं आहे असं गृहीत धरून पुढच्या मोठ्या आकारासाठी ते सिद्ध करायचं. ते शिकवायला मी बेरजेची सूत्रं घेत नाही, पट घेतो. ८×८ चा पट, त्यातलं कुठलंही एक घर काढून टाकलेलं, आणि उरलेली ६३ घरं तीन-तीन घरांच्या काटकोनी तुकड्यांनी झाकायची. तुकडे लागतात बरोबर २१. एकावर एक चढवायचे नाहीत, पटाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. पटाची बाजू २ चा घात असेल तर कुठलंही घर गेलं तरी हे जमतं, असं सॉलोमन गोलोम्ब यांनी १९५४ मध्ये दाखवलं. त्यांची सिद्धता अशी आहे की ती वाचत वाचतच तुकडे ठेवता येतात.

साहित्याचं आधी सांगतो, कारण निम्मा वैताग तिथेच होतो. घर ३ सेंमीचं धरलं तर पट २४ सेंमीचा. ६×९ सेंमीच्या एका आयतातून दोन तुकडे निघतात, म्हणून ११ आयत कापले की २२ तुकडे होतात आणि एक जादा राहतो. पुठ्ठा कटरने कापा किंवा उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपमधून ३ मिमीचं एमडीएफ कापून आणा, तुकड्याची प्रत्येक कड अर्धा मिमी आत घ्या. तसं केलं नाही तर प्रत्येक तुकड्याची जराशी वाढ साठत जाते आणि शेवटचा तुकडा बसत नाही. मग मुलांना वाटतं गणितच चुकलं. रंग एकाच बाजूला दिला तरी चालतो, कारण हा तुकडा उलटा केला तरी तोच राहतो. तो फक्त चार दिशांना फिरतो.

पट समोर आला की मुलं कडेकडेने भरायला लागतात. भरू द्यावं. थोड्याच वेळात एखादा कोपरा अडतो. कोपऱ्यातलं घर झाकणारा तुकडा त्या कोपऱ्याच्या २×२ चौकटीतच बसावा लागतो, दुसरी जागाच नाही. त्या चौकटीतली दोन घरं दुसऱ्या तुकड्याने आधीच खाल्ली असतील तर कोपरा मेला. पुढे कितीही डोकं चालवलं तरी तो तुकडा उचलल्याशिवाय सुटका नाही.

आता पद्धत. घराचा पत्ता मी आधी ओळ, मग स्तंभ असा सांगतो, वरून आणि डावीकडून मोजून. समजा ३-६ हे घर गेलंय. पटाच्या मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ मारली की ४×४ चे चार चतकोर होतात. ३-६ हे वरच्या उजव्या चतकोरात आहे. पटाच्या मध्याला चार घरं भिडतात, प्रत्येक चतकोरातलं एक: ४-४, ४-५, ५-४, ५-५. पहिला तुकडा इथे ठेवायचा, पण त्याची उघडी बाजू ज्या चतकोरात घर गेलंय तिकडे करून. म्हणजे तुकडा ४-४, ५-४, ५-५ वर बसतो आणि ४-५ मोकळं राहतं.

आता प्रत्येक चतकोरात एकेक घर कमी आहे. एकात खरोखरचं गेलेलं, बाकी तिघांत आपणच झाकलेलं. मूळ प्रश्नच चार वेळा, पण ४×४ वर.

वरचा उजवा चतकोर शेवटपर्यंत नेऊ. त्याच्या मध्याची घरं २-६, २-७, ३-६, ३-७. यातलं ३-६ तर गेलेलंच आहे, तेव्हा तुकडा २-६, २-७, ३-७ वर. उरल्या २×२ च्या चार चौकटी, प्रत्येकीत एक घर कमी, म्हणजे प्रत्येक चौकट म्हणजे अख्खा एक तुकडा: १-५, १-६, २-५, मग १-७, १-८, २-८, खाली ३-८, ४-७, ४-८, आणि शेवटी ३-५, ४-५, ४-६. पाच तुकडे, पंधरा घरं. बाकीचे तीन चतकोरही असेच पाच-पाच घेतात. चार पंचे वीस आणि मधला एक.

चूक बहुतेक वेळा मधल्या तुकड्याच्या दिशेत होते. उघडी बाजू भलत्या चतकोराकडे गेली की गेलेल्या घराच्या चतकोरात दोन घरं कमी होतात आणि १४ उरतात, तर भलत्या चतकोरात पूर्ण १६ राहतात. दोन्हींना ३ ने भाग जात नाही, तेव्हा आपली रीत तिथेच अडते. म्हणून दुसरा तुकडा ठेवण्याआधी चारही चतकोरांतली मोकळी घरं मोजायला लावतो. चारही ठिकाणी १५ यायला हवीत.

खरी मजा मात्र विधान काय घ्यायचं यात आहे. गटातल्या एका मुलीने विचारलं, "सर, मधलंच घर गेलं तर एवढंच सिद्ध करू की. कुठलंही घर कशाला?" करून बघा. ८×८ च्या मध्यातलं ४-५ गेलं. पहिला तुकडा ठेवला की चारही चतकोरांत कमी झालेलं घर त्यांच्या कोपऱ्यातलं निघतं, त्यांच्या मध्यातलं नाही. हाताशी असलेलं गृहीतक ४×४ च्या मध्याबद्दल बोलतं, ते इथे लागूच पडत नाही. विधान खरं असूनही त्याच्या जोरावर पुढची पायरी चढता येत नाही. "कोपऱ्यातलं घर गेलं" हे विधान घेतलं तर मात्र चालतं, कारण त्यातून पुन्हा कोपरेच निघतात. आणि "कुठलंही घर" घेतलं तर मध्य, कोपरा, कड सगळं एकदमच येतं. जास्त मागितलं की सिद्धता सोपी होते, हे मुलांना आधी पटत नाही. ४-५ चा पट हाताने मांडला की पटतं.

पाया १×१ चा घेतला तरी चालतो: एकच घर, तेही गेलेलं, तुकडे शून्य. वर्गात मी २×२ पासून सुरू करतो, कारण शून्य तुकड्यांवर वाद घालण्यात अर्धा तास जातो.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: एक घर काढल्यावर उरलेल्याला ३ ने भाग गेला म्हणजे झालं ना? ५×५ घ्या. २४ घरं, ८ तुकडे, भाग जातो. बरोबर मधलं ३-३ गेलं तर जमतंही: २×३ चे चार आयत मध्याभोवती भिंगरीसारखे लावायचे आणि प्रत्येकाचे दोन तुकडे करायचे. पण १-२ गेलं तर कधीच जमत नाही. ज्यांची ओळ आणि स्तंभ दोन्ही विषम, अशा घरांवर पेन्सिलीने फुली मारा. नऊ फुल्या होतात. दोन फुल्यांमध्ये निदान एका घराचं अंतर असतं, म्हणून एका तुकड्याखाली एकाहून जास्त फुली येऊच शकत नाही. १-२ वर फुली नाही, म्हणजे नऊच्या नऊ झाकायच्या आहेत आणि हातात तुकडे आठ.