बंगड्याने मला नापास केलं: पीआरपी-सीसीपीचा माझा अनुभव

हॅसप म्हणजे अन्नातले धोके आधीच ओळखून ते योग्य पायरीवर आवरायची पद्धत. तिच्या सर्टिफिकेशनची परीक्षा मी दुसऱ्या फेरीत पास झाले. पहिल्या फेरीत ४० पैकी २८ लागत होते आणि मला पडले २६. ते दोन मार्क अजून खुपतात, म्हणून हे लिहितेय.

फॉर्म, फी, दोन दिवसांचं ट्रेनिंग यात सांगण्यासारखं काही नाही. अडकले ते रिचेकिंगला. संस्थेच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर गेले, तर पावतीची झेरॉक्स नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी अर्ज घेतला. पाच आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: ‘गुणांत बदल नाही, प्रश्न १७ चे उत्तर क योग्य आहे.’ का योग्य, ते नाही. पेपरही दाखवला नाही.

प्रश्न १७ मला पाठ झाला होता. एका युनिटमध्ये बंगडा आणि कोळंबी दोन्ही बर्फात येतात, एकाच दारातून, एकाच थर्मामीटरने तपासून. दोन्ही पुढे शिजतात. बंगड्यात हिस्टामाइन आणि कोळंबीत जंतू हे धोके दिलेले. विचारलं होतं, माल घेतानाचं तापमान कुठे सीसीपी, म्हणजे धोका आवरायची निर्णायक पायरी, आणि कुठे नाही. मी ट्रेनिंगमध्ये घोकलेला डिसिजन ट्री, म्हणजे सीसीपी ठरवायची प्रश्नांची साखळी, लावला. पुढच्या पायरीत धोका मरतो का? मरतो, शिजवतोच ना. मग दोन्हीकडे सीसीपी नाही, बर्फ आणि थंड साठवण पीआरपीत, म्हणजे युनिटभर पाळायच्या रोजच्या काळजीत. अगदी नीट, आणि अर्धं चूक.

आमचं युनिट अंधेरी एमआयडीसीत आहे, तयार मासळीचे डबे करतो. तिथे मासे साफ करायला वर्सोव्याहून मावशी येतात. रिचेकिंगचं उत्तर आलं त्या दिवशी माझी चिडचिड चालली होती, तर त्या कोयता न थांबवता म्हणाल्या, “बंगड्याला ऊन लागलं ना गो, की संपला. मग कितीबी रटरटव, जीभ चुरचुरणारच.”

मी हातातला कागद खाली ठेवला. प्रश्न १७ चं उत्तर हेच होतं.

बंगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा गरम राहिला की काही जंतू त्याचं हिस्टामाइन करतात. शिजवल्यावर जंतू मरतात, हिस्टामाइन राहतं. गोठवूनही जात नाही. खाणाऱ्याला तोंड लाल होणं, अंगावर गांधी, डोकं दुखणं असा त्रास होतो आणि लोक म्हणतात मासळीची ॲलर्जी झाली. म्हणजे बंगड्यासाठी ‘पुढे शिजवतो’ हे उत्तर खोटं आहे. धोका आधीच तयार होऊन बसलेला असतो आणि नंतरची एकही पायरी तो कमी करत नाही. म्हणून माल दारात घेतानाच अडवायचा. तिथे सीसीपी, आणि त्याला आकडा हवा: आमच्याकडे माशाच्या मध्यभागी ४ अंश किंवा कमी. कोळंबीत धोका जंतूंचा. ते केंद्रात ७५ अंशांवर शिजवताना आटोक्यात येतात, तेव्हा सीसीपी शिजवण्याच्या पायरीवर. दारातल्या बर्फाची काळजी घ्यायचीच, पण ती पीआरपी म्हणून.

प्रश्न तापमानाचा नव्हता, धोक्याच्या नावाचा होता. मी प्रश्नातला ‘हिस्टामाइन’ शब्द वाचलाच नव्हता, ‘जंतू’ असंच डोक्यात धरून पुढे गेले होते. याबद्दल संस्थेवर राग काढता येत नाही, पण एका ओळीत तेवढं लिहायला काय जात होतं?

आठवलं म्हणून मधेच सांगते: पेपरात आयएसओ २२००० या अन्नसुरक्षेच्या मानकाचा उल्लेख असेल तर पीआरपी आणि सीसीपीच्या मधला ओपीआरपी हाही पर्याय जिवंत असतो. तिथे आकडा नसला तरी चालतो, डोळ्यांनी पाहून ठरवता येईल असा निकष पुरतो. प्रश्न फक्त कोडेक्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-नियमावलीच्या, भाषेत असेल तर ओपीआरपी शोधत बसू नका. २०२० च्या आवृत्तीत कोडेक्सने ‘जास्त लक्ष द्यायच्या स्वच्छता पद्धती’ असं म्हटलं आहे, ओपीआरपी हा शब्द वापरलेला नाही.

पहिल्या वेळी माश्यांचा प्रश्नही गेला होता, म्हणजे घोंघावणाऱ्या माश्यांचा. ‘प्रक्रिया विभागात माश्या दिसतात, कशाने हाताळाल?’ मी सीसीपीवर खूण केली, कारण गंभीर वाटलं. मावशींचं ऐकल्यावर घरी बसून स्वतःला विचारलं, माश्यांची क्रिटिकल लिमिट काय ठेवणार? दोन चालतील, तीन नाहीत? आणि कुठल्या बॅचवर बसली ते कसं सांगणार? सगळ्या युनिटला, सगळ्या मालाला सारखं लागू असलेलं जाळी, कीटकनियंत्रण, हात धुणं, पाणी, गमबूट हे पीआरपीत. गंभीर आहे म्हणून काही सीसीपी होत नाही. ठरावीक पायरी, ठरावीक धोका, वेळेत मोजता येणारी मर्यादा, आणि ती मोडली तर ती बॅच बाजूला, हे चारही जुळलं तरच. यातलं शेवटचं मला सगळ्यात कामी आलं. पर्यायांमध्ये घोळ झाला की विचारायचं, हे बिघडलं तर मी सुधारणा करून पुढे जाईन की माल अडवीन?

थर्मामीटरचा सापळा लक्षात ठेवा. ‘थर्मामीटर कॅलिब्रेट नाही’ असा प्रश्न आला की हात लगेच सीसीपीकडे जातो, कारण सीसीपी त्यानेच मोजतो. पण कॅलिब्रेशन हे सीसीपीला टेकू देणारं काम आहे, स्वतः सीसीपी नाही. बर्फाच्या पाण्यात तो ० दाखवतो का, हे आम्ही रोज सकाळी पाहतो.

आणि तापमानाचीही मर्यादा आहे. थर्मामीटर आत्ताचं सांगतो, सकाळी होडीवर काय झालं ते नाही. उन्हात पडलेला बंगडा नंतर बर्फात घातला तर दारात ३ अंश दाखवून पास होईल. म्हणून मासा पकडल्यापासून बर्फात जाईपर्यंतच्या वेळेची पुरवठादाराची नोंदही घ्यावी लागते. दुसऱ्या परीक्षेत नेमका हाच प्रश्न होता, आणि ती खूण करताना मला फार बरं वाटलं.

३५ मिळाले. निकालाच्या तिसऱ्या दिवशी टेम्पो आला, बंगड्याचे बारा क्रेट. सळई आत घातली, तर ७.२. दुसऱ्या क्रेटमध्ये ६.८. ड्रायव्हर म्हणाला, “ताई, वरून बर्फ टाका ना, अर्ध्या तासात थंड होतोय.” मॅनेजर सरांनीही विचारलं, की दोन मासे लॅबला पाठवून माल घेता येईल का. मी सांगितलं, हिस्टामाइन सगळ्या माशांत सारखं नसतं, दोन चांगले निघाले म्हणून बारा क्रेट चांगले ठरत नाहीत. आणि बर्फाने मासा थंड होईल, तयार झालेलं हिस्टामाइन परत जाणार नाही.

सरांनी मावशींकडे पाहिलं. त्यांनी एका बंगड्याचं पोट दाबलं, वास घेतला आणि क्रेट पायाने टेम्पोकडे सरकवला.

बारा क्रेट परत गेले. सीसीपीच्या नोंदवहीत माझ्या अक्षरात ती पहिली लाल नोंद आहे.