जुन्या गाडीची किंमत कमी करून मागताना : माझा अनुभव

इंदूरमधल्या सुदामानगरातील एका काकांची 2017 ची पेट्रोल गाडी मला मनापासून आवडली होती. त्यांनी 3,80,000 रुपये सांगितले होते. मेकॅनिकला दाखवून आल्यावर मी घाईघाईने संदेश पाठवला, ‘गाडीत बरेच काम आहे, किंमत कमी होईल का?’ उत्तर एका ओळीत आले : ‘किंमत ठरलेली आहे.’ काय काम आहे आणि किती खर्चाचे, हे मी लिहिलेच नव्हते, त्यामुळे त्यांना ती नुसती घासाघीस वाटली.

दुसऱ्या दिवशी मी असे लिहिले :

‘नमस्कार काका, गाडी आपण निगुतीने वापरली आहे आणि ती घेण्याची माझी इच्छा आहे. तपासणीत तीन गोष्टी आढळल्या. चारही टायर बदलावे लागतील, 18,000. क्लच घसरतो आहे, मजुरीसह 9,500. पुढचे लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड, 4,500. हे 32,000 वजा करून मी 3,48,000 देऊ शकतो. मेकॅनिकच्या अंदाजपत्रकाचा फोटो सोबत जोडला आहे.’

सीट कव्हर फाटल्याचे आणि मागच्या बंपरवरच्या ओरखड्याचे मी मुद्दाम लिहिले नाही, कारण ते काकांनी आधीच सांगितले होते आणि मूळ किमतीत धरलेले होते.

यानंतर चार दिवस काहीच उत्तर आले नाही. त्या चार दिवसांत दुसरी गाडी पाहावी की पुन्हा फोन करावा, याच विचाराने मी हैराण झालो. शेवटी काकांचाच फोन आला, तोही जरा रागातच : ‘अहो, टायरला अजून भरपूर नक्षी आहे, तुम्ही बदलायचे कशाला म्हणता?’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, नक्षी 1.6 मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेपेक्षा बरीच खोल होती. पण टायर झिजण्याइतकाच वयानेही निकामी होतो, कारण रबर कडक होऊन त्याला बाजूने बारीक भेगा पडतात. मी त्यांना टायरच्या बाजूवर DOT च्या ओळीच्या शेवटी असलेले चार आकडे वाचायला सांगितले. फोन चालू ठेवून ते खाली गेले आणि त्यांनी वाचले, ‘1117’. म्हणजे 2017 च्या अकराव्या आठवड्यात बनलेला, सात वर्षांचा टायर. भेगाही त्यांना तिथेच दिसल्या. ही गोष्ट मी संदेशातच फोटोसह लिहायला हवी होती. माझे चार दिवस वाचले असते.

क्लचबद्दल त्यांनी वाद घातला नाही, कारण पाहणीच्या वेळी पुलाच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढला, पण वेग वाढला नाही, हे त्यांनी शेजारी बसून अनुभवले होते. दोष मालकाच्या देखत दाखवावा, तो लिहिताना फार उपयोगी पडतो. आणि पाहायला जाण्याआधी गाडी सुरू करून ठेवू नका, असे कळवावे, म्हणजे थंड इंजिनाचा आवाज ऐकता येतो.

शेवटी 3,52,000 वर सौदा ठरला.